थायोसल्फेटची नॉर्मॅलिटी काढताना स्टार्च नेमका कधी टाकायचा?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांतली जर्नले चाळा, तेलाच्या लॅबमधली रजिस्टरे चाळा, हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या, नॉर्मॅलिटीच्या पानावर एकच गोष्ट वारंवार दिसते: तीन रीडिंगचा आपसात मेळ नसतो. एक २५.२, दुसरे २५.८, तिसरे पुन्हा २५.४. मग त्यांची सरासरी काढून पुढे जायचे, आणि ती चूक महिनाभर प्रत्येक नमुन्यात उतरत राहते. बहुतेक वेळा वजन बरोबर असते, पिपेट बरोबर असते, हिशोबही बरोबर असतो. घोळ असतो तो स्टार्च टाकण्याच्या वेळेत. दुसरा घोळ आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यामुळे होतो. त्याचे कारण ठाऊक नसेल तर तो सापडतच नाही.

इथे ०.१ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट पोटॅशियम आयोडेटने कसे प्रमाणित करायचे ते क्रमाने दिले आहे. सगळा खेळ या दोन अभिक्रियांचा आहे:

```
KIO3 + 5KI + 3H2SO4 → 3I2 + 3K2SO4 + 3H2O
I2 + 2Na2S2O3 → 2NaI + Na2S4O6
```

आयोडेटच्या एका रेणूपासून आयोडिनचे तीन रेणू सुटतात आणि ते थायोसल्फेटचे सहा रेणू खातात. म्हणून आयोडेटचा समतुल्यभार २१४.०० भागिले ६, म्हणजे ३५.६६७. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

## १. हायपोचे द्रावण आदल्या दिवशी करा

एक लिटर डिस्टिल्ड वॉटर पाच-दहा मिनिटे चांगले उकळा आणि झाकून गार होऊ द्या. उकळल्याने पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि जंतूही मरतात. हायपो हळूहळू कमकुवत होतो तो या दोघांमुळेच. गार पाण्यात २४.८ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट विरघळवा, त्यात ०.१ ग्रॅम सोडियम कार्बोनेट घाला, एक लिटर करा आणि तपकिरी बाटलीत भरून रात्रभर राहू द्या. सोडियम कार्बोनेट याहून जास्त नको. द्रावण किंचितच अल्कधर्मी हवे.

आता उन्हाळ्याचा मुद्दा. थायोसल्फेटच्या स्फटिकात पाण्याचे पाच रेणू असतात, आणि साधारण ३३ अंशांच्या वर, कोरड्या हवेत, ते उडून जायला लागतात. भुसावळ-जळगावच्या एप्रिल-मेमध्ये या दोन्ही अटी रोज पुऱ्या होतात. बाटलीचे झाकण सैल राहिले की स्वच्छ काचेसारख्या स्फटिकांवर पांढरी भुकटी चढते. असा माल २४.८ ग्रॅम घेतला तर पाण्याच्या जागी जास्त थायोसल्फेट येते आणि द्रावण ०.१ पेक्षा तीव्र होते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत बाटली ठेवली असेल तर आणखी एक प्रकार होतो: ४८ अंशांच्या आसपास हे स्फटिक स्वतःच्याच पाण्यात वितळतात आणि मग त्यांचा एकच ढेकूळ बनतो. तो फोडून वापरू नका.

म्हणून हायपोच्या वजनावर कधीही विसंबू नका. तराजूवर २४.८ ठीक जमवण्यात वेळ घालवायची गरज नाही, साध्या तराजूवर जवळपास आले तरी पुरे. खरी तीव्रता आयोडेटच सांगणार आहे.

तपासा: दुसऱ्या दिवशी बाटली उजेडात धरा. द्रावण पाण्यासारखे स्वच्छ हवे. जराही दुधाळपणा किंवा तळाशी पिवळसर गाळ असेल तर ते गंधक आहे, म्हणजे द्रावण विघटित झाले. गाळून वापरू नका, ओतून द्या.

## २. आयोडेट मात्र काटेकोर तोला

पोटॅशियम आयोडेट ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये एक तास सुकवा आणि डेसिकेटरमध्ये गार करा. गरम बाटली तराजूवर ठेवली तर हवेच्या झोताने आकडा हलत राहतो.

२५० मिलीच्या मेजरिंग फ्लास्कसाठी सुमारे ०.८९ ग्रॅम लागेल. नेमके ०.८९१७ जमवायच्या नादात चमच्याने आत-बाहेर करू नका. ०.८८ ते ०.९० मध्ये जे येईल ते चार दशांश स्थळांपर्यंत लिहा. आयोडेट थंड पाण्यात सावकाश विरघळते, म्हणून आधी बीकरमध्ये थोड्या कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा, खोलीच्या तापमानाला आणा, मग फनेलमधून फ्लास्कमध्ये उतरवा. बीकर, काचकांडी आणि फनेल तीन-चार वेळा धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्या.

सावधान: द्रावण कोमट असताना खुणेपर्यंत भरू नका. पाणी २७ अंशांवरून ४० अंशांवर गेले की त्याचे आकारमान सुमारे ०.४ टक्के वाढते. आपल्याकडच्या बऱ्याच काचसामानावर २७ अंश छापलेले असते. मेमध्ये दुपारी दोन वाजता गच्चीखालच्या लॅबमध्ये कॅनमधले पाणीच चाळिशीला टेकलेले असते. हे काम सकाळी लवकर करा, किंवा बंद कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. डिस्टिल्ड वॉटर माठात मात्र ओतू नका. मातीतले क्षार त्यात उतरतात.

## ३. आयोडाइड आणि आम्ल

एका फ्लास्कला २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड लागते. २५ मिली आयोडेटला हिशोबाने ०.३५ ग्रॅमच पुरते, पण जास्तीचे आयोडाइड सुटलेल्या आयोडिनला द्रावणात धरून ठेवते. ते कमी पडले तर आयोडिन नीट विरघळत नाही आणि हवेत उडते. फ्लास्कच्या तोंडाशी जांभळट वाफ किंवा तीव्र वास आला तर आयोडाइड कमी पडले असे समजा.

आम्ल १ मोलर सल्फ्युरिक. ५.६ मिली तीव्र आम्ल सुमारे ८० मिली पाण्यात हळूहळू, ढवळत सोडायचे आणि गार झाल्यावर १०० मिली करायचे. पाणी आम्लात कधीही ओतू नका.

तपासा: ५० मिली पाण्यात २ ग्रॅम आयोडाइड विरघळवा, ५ मिली आम्ल आणि २ मिली स्टार्च घाला. लगेच निळा रंग आला तर त्या आयोडाइडमध्ये आधीच आयोडेट किंवा आयोडिन मिसळलेले आहे. दुसरी बाटली घ्या. दुसरी नसेल तर तो निळा जायला हायपोचे किती थेंब लागतात ते मोजा आणि प्रत्येक रीडिंगमधून तेवढे वजा करा. लॅबच्या खिडकीत उन्हात ठेवलेले, पिवळट पडलेले आयोडाइड या तपासणीत हमखास पकडले जाते.

## ४. स्टार्च ताजा, आणि गार

१ ग्रॅम सोल्युबल स्टार्च दोन-तीन मिली थंड पाण्यात गुठळी न होता कालवा. १०० मिली पाणी उकळत असतानाच त्यात ही पेस्ट ढवळत ओता, आणखी एक-दोन मिनिटे उकळा, द्रावण जवळजवळ पारदर्शक झाले की उतरवा. पूर्ण गार करून वापरा. खडूच्या पाण्यासारखे पांढरे राहिले असेल तर स्टार्च शिजलेला नाही.

उन्हाळ्यात स्टार्च एका दिवसात बिघडतो. वरून तो ठीक दिसतो, वासही लगेच येत नाही, पण त्याचे तुकडे पडून डेक्स्ट्रिन झालेले असते. ओळखायची खूण अशी: टेस्टट्यूबमध्ये पाणी, एक थेंब पातळ आयोडिन आणि चार थेंब स्टार्च. शुद्ध निळा आला पाहिजे आणि हायपोच्या एका थेंबाने तो झटकन गेला पाहिजे. लालसर, तांबूस-जांभळा रंग आला तर तो स्टार्च मोरीत ओता. त्या लालसर रंगाचा एंडपॉइंट ओढल्यासारखा लांबत जातो. शाळेत साबुदाण्याच्या किंवा भाताच्या पेजेवर भागवतात. रंग दाखवायला ते ठीक आहे, नॉर्मॅलिटी काढायला नाही. कारण निळा रंग अमायलोजचा असतो, आणि पेजेतल्या अमायलोपेक्टिनचा लाल-जांभळा रंग सहजी सुटत नाही.

तापमान इथेही आडवे येते. स्टार्च-आयोडिनचा निळा उष्णतेने फिका पडतो. ५० अंशांवर स्टार्चची संवेदनशीलता २५ अंशांच्या मानाने सुमारे दहापट कमी असते. दुपारच्या लॅबमध्ये फ्लास्क ४० च्या पुढे असेल तर एंडपॉइंट यायच्या आधीच रंग गेल्यासारखा वाटतो. ट्रेमध्ये गार पाणी घेऊन फ्लास्क त्यात उभा करा.

## ५. फ्लास्क भरण्याचा क्रम

ब्युरेट आधी हायपोने दोनदा विसळा, भरा, तोटीखालचा बुडबुडा काढा आणि वरचा फनेल उचलून ठेवा. फनेल तसाच राहिला तर मध्येच त्याचा थेंब पडतो आणि रीडिंग खोटे होते. हायपो भरून तयार झाल्यावरच फ्लास्ककडे वळा.

२५० मिलीच्या कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने २५.०० मिली आयोडेट घ्या. सुमारे २५ मिली पाणी घाला. २ ग्रॅम आयोडाइड टाकून पूर्ण विरघळवा. सगळ्यात शेवटी ५ मिली आम्ल. आम्ल पडताच द्रावण गडद तांबूस-तपकिरी होते. डायक्रोमेटने करताना फ्लास्क झाकून अंधारात पाच मिनिटे ठेवायची सवय असते. आयोडेटला त्याची गरज नाही. अभिक्रिया लगेच पुरी होते, आणि थांबलात तर आयोडिन उडून जाऊन रीडिंग कमी येते.

सावधान: तीन फ्लास्क एकदम भरून, आम्ल घालून रांगेत ठेवायची पद्धत सोडा. पहिल्याचे टायट्रेशन चालू असताना दुसऱ्या-तिसऱ्यातून आयोडिन उडत असते, आणि त्याच वेळी आम्लातले आयोडाइड हवेच्या ऑक्सिजनने आयोडिन बनवत असते. एक चूक रीडिंग कमी करते, दुसरी वाढवते, आणि दोन्ही नेमक्या किती हे कोणालाच सांगता येत नाही. आयोडेट तिन्ही फ्लास्कमध्ये घेऊन ठेवायला हरकत नाही, आयोडाइडही. आम्ल मात्र ज्या फ्लास्कचे टायट्रेशन आता करायचे त्यातच.

## ६. पहिले टायट्रेशन फक्त अंदाजासाठी

पहिल्या फ्लास्कला घाई चालते. हायपो सोडत राहा, पण फ्लास्क सारखा फिरवत राहा. न फिरवता धार सोडली तर पडत्या जागी हायपो आयोडिनच्या आधी आम्लाला भेटतो आणि थोडा विघटित होतो. पिवळा रंग आला की स्टार्च घाला, निळा जाईपर्यंत सोडा.

इथे एक सवय लावून घ्या. या लेखातले दुसरे काही राहिले नाही तरी चालेल, एवढे राहू द्या: स्टार्च टाकला त्या क्षणीचे ब्युरेटचे रीडिंग लिहा. जर्नलच्या छापील तक्त्यात सुरुवात, शेवट आणि फरक असे तीनच रकाने असतात. चौथा हाताने आखा. रीडिंग का जुळले नाहीत याचे उत्तर बहुतेक वेळा याच रकान्यात सापडते.

समजा पहिल्या फ्लास्कला स्टार्च २०.१ ला टाकला आणि एंडपॉइंट २५.८० ला आला. म्हणजे स्टार्च पडला तेव्हा जवळपास साडेपाच मिली हायपोचे आयोडिन फ्लास्कमध्ये बाकी होते. ते फार होते. हे रीडिंग सरासरीत घ्यायचे नाही. त्याचे काम एवढेच की पुढच्या फ्लास्कला एंडपॉइंट साधारण कुठे येईल ते कळले.

## ७. खरे टायट्रेशन, आणि स्टार्चची वेळ

"सर, आते टाकू का?" हा प्रश्न प्रत्येक टेबलावरून येतो, आणि बहुतेक वेळा तो लवकर येतो. रंगाची उतरण अशी असते: गडद तपकिरी, मग नारिंगी, मग चांगला पिवळा, मग फिकट पिवळा. विद्यार्थी तिसऱ्या पायरीवर हात पुढे करतात. आपल्याला चौथी हवी. सुकलेल्या गव्हाच्या काडासारखा तो रंग, पांढऱ्या टाइलवर फ्लास्क ठेवल्याशिवाय नीट ठरवताही येत नाही इतका फिका. सुमारे १०० मिली द्रावणात हा रंग दिसतो तेव्हा ०.१ नॉर्मल हायपो अर्धा ते एक मिलीच लागायचा बाकी असतो.

डोळ्यावर भरवसा नसेल तर पहिल्या रीडिंगमधून वाट काढा. अंदाज २५.८ आला होता, पण स्टार्च लवकर पडल्याने तो थोडा वाढलेला असणार हे धरून चला. दुसऱ्या फ्लास्कला २३ मिलीपर्यंत बिनधास्त सोडा, मग थेंबाथेंबाने. २४.५ च्या आसपास काडाचा रंग दिसायला लागेल. तिथे फ्लास्कच्या भिंती वॉश बॉटलने धुऊन खाली उतरवा, ५० मिलीच्या आसपास पाणी वाढवा आणि २ मिली स्टार्च घाला. स्वच्छ निळा येईल. आता एकेक थेंब, प्रत्येक थेंबानंतर नीट फिरवून. निळा हलका होत जाईल, किंचित जांभळट वाटेल आणि एका थेंबाने रंगहीन होईल. शेवटी अर्धा थेंब सोडायचा तर तोटीला लोंबता ठेवून फ्लास्कच्या भिंतीला टेकवा आणि पाण्याने आत उतरवा.

### लवकर टाकला तर काय बिघडते

आयोडिन भरपूर असताना स्टार्च पडला की निळ्याऐवजी काळपट रंग येतो, कधी बारीक कणही दिसतात. अमायलोजच्या लांब साखळ्या वेटोळ्या होऊन आयोडिनला आत धरतात. आयोडिन थोडे असेल तर ही पकड ढिली असते आणि हायपो ते पटकन ओढून घेतो. आयोडिन भरपूर असेल तर या साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि आतले आयोडिन बाहेर यायला वेळ लागतो.

मग दोनपैकी एक होते. घाईत असलेला माणूस निळा जात नाही म्हणून थेंब सोडत राहतो, आणि रंग जातो तेव्हा गरजेपेक्षा जास्त हायपो पडलेला असतो. रीडिंग वाढते, नॉर्मॅलिटी कमी येते. थांबत-थांबत करणाऱ्याचा रंग जातो, तो रीडिंग घेतो, आणि दहा सेकंदांत पुंजक्यातले आयोडिन सुटून निळा परत येतो. त्यात बराच वेळ आयोडिन आणि आम्ल एकत्र राहिले तर स्टार्चही तुटत जातो आणि शेवटी लालसर छटा रेंगाळते.

ही चूक नेहमी सारखीच झाली असती तर निदान रीडिंग तरी जुळले असते. पण ती प्रत्येक वेळी स्टार्च किती लवकर पडला आणि हात किती भरभर चालला यावर अवलंबून असते. तीन रीडिंग तीन ठिकाणी जातात ते यामुळे.

### उशीर झाला तर

द्रावण रंगहीन झाल्यावर स्टार्च टाकला आणि निळा आलाच नाही, म्हणजे एंडपॉइंट मागे पडला. किती मागे, हे कळायला मार्ग नाही. तो फ्लास्क ओतून द्या. नमुना पुन्हा मिळणारा नसता तर १ मिली आयोडेट पिपेटने टाकून निळा परत आणता आला असता आणि हिशोबात २६ मिली आयोडेट धरता आले असते. प्रमाणीकरणात मात्र ही कसरत करू नका. आयोडेट बाटलीभर आहे.

तपासा: स्टार्चनंतर एंडपॉइंटपर्यंत किती हायपो लागला? ०.३ ते १ मिली असेल तर उत्तम. २ मिलीच्या वर गेला असेल तर ते रीडिंग बाजूला ठेवा, आकडा कितीही जुळता असला तरी.

## ८. निळा परत आला तर

किती वेळाने आला ते पाहा. पाच-दहा सेकंदांत आला तर एंडपॉइंट झालेलाच नव्हता. स्टार्च लवकर पडला असेल, भिंतीवर किंवा गळ्यात आयोडिनचा थेंब राहिला असेल, किंवा आम्ल कमी पडून आयोडेटची अभिक्रिया अर्धवट असेल. आम्लाचा संशय असेल तर पुढच्या फ्लास्कला आम्लाची बाटली बदलून बघा. तीच बाटली, तोच हात आणि तरीही परत निळा येत असेल तर स्टार्चचा रकाना बघा.

अर्धा-एक मिनिट रंगहीन राहून मग हळूहळू निळसर होत असेल तर तो हवेचा ऑक्सिजन. आम्लातल्या आयोडाइडवर तो काम करतच राहतो, आणि उन्हात जास्त वेगाने. त्याच्या मागे लागून हायपो सोडू नका. टायट्रेशनचे टेबल खिडकीच्या थेट उन्हात मांडू नका.

## ९. एक हिशोब पूर्ण करून पाहू

आयोडेटचे वजन ०.८९३४ ग्रॅम, २५० मिलीमध्ये. नॉर्मॅलिटी:

०.८९३४ ÷ (३५.६६७ × ०.२५०) = ०.१००१९

टायट्रेशनची नोंद अशी:

| फ्लास्क | स्टार्च टाकला | एंडपॉइंट | घेतले? |
|---|---|---|---|
| १ | २०.१ | २५.८० | नाही |
| २ | २४.६ | २५.३० | होय |
| ३ | २४.५ | २५.२५ | होय |
| ४ | २४.६ | २५.३० | होय |

सरासरी २५.२८ मिली. हायपोची नॉर्मॅलिटी:

(२५.०० × ०.१००१९) ÷ २५.२८ = ०.०९९०८

शेवटच्या तीन रीडिंगमधला फरक ०.०५ मिली, म्हणजे साधारण एका थेंबाचा. ०.१ च्या आत फरक हवा, नसेल तर आणखी एक फ्लास्क करा. आता पहिले रीडिंग खरे धरले असते तर काय झाले असते? २५.८० ने भागून ०.०९७०८ आले असते, म्हणजे दोन टक्के कमी. त्या हायपोने तापीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर खरा ७.० मिग्रॅ प्रति लिटर असताना वहीत ६.८६ लिहिला गेला असता, आणि प्रत्येक नमुन्यात तीच दोन टक्क्यांची घट.

बाटलीच्या लेबलवर नॉर्मॅलिटी चार सार्थ अंकांपर्यंत, तारीख आणि प्रमाणित केले त्या वेळचे लॅबचे तापमान लिहा. "०.१ एन हायपो" एवढेच लिहून भागत नाही. उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पुन्हा प्रमाणित करा, आणि द्रावणात धुरकटपणा दिसला तर त्याच दिवशी.

## १०. हायपो पातळ करून वापरताना

पाण्यातल्या ऑक्सिजनसाठी साधारण ०.०२५ नॉर्मल हायपो लागतो. प्रमाणित हायपो २५ मिली पिपेटने घेऊन उकळून गार केलेल्या पाण्याने १०० मिली केला की वरच्या उदाहरणात ०.०२४७७ मिळतो. नेमका ०.०२५० करायचा हट्ट नको, खरा आकडा हिशोबात वापरा. पातळ हायपो लवकर बिघडतो, म्हणून त्या दिवसापुरताच करा, आणि आयोडेटही चौपट पातळ करून एकदा पडताळून घ्या.

इथे "एंडपॉइंटच्या एक मिली आधी" हा आकडा चालत नाही. स्टार्चला काय झेपते ते फ्लास्कमधल्या आयोडिनच्या तीव्रतेवर ठरते, ब्युरेटमधल्या मिलीवर नाही. चौपट पातळ हायपोने पडताळणी करताना तोच काडाचा रंग दिसतो तेव्हा दोन ते चार मिली बाकी असतात, आणि तिथे स्टार्च टाकणे बरोबरच आहे. त्यामुळे रंगाची खूण कायम ठेवा, मिलीचा आकडा द्रावणाप्रमाणे बदला.

ऑक्सिजनच्या २०० मिली नमुन्यात तर तपकिरी टप्पा येतच नाही. ७ मिग्रॅचा नमुना आम्ल घालताच पिवळा दिसतो आणि थोड्याच हायपोने फिका होतो, तेव्हा स्टार्च. मेमध्ये गिरणेच्या डोहात साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन दोन मिग्रॅवर आला असेल तर आम्लानंतरचा रंगच काडाचा असतो. तिथे हायपोचा एकही थेंब सोडायच्या आधी स्टार्च टाका, नाहीतर रंग कधी गेला तेच कळणार नाही.